एका आकड्यात दोन चुकांचा हिशेब

समोर आलेली प्रत्येक नोंद दोनपैकी एका गटात टाकणाऱ्या प्रोग्रॅमला क्लासिफायर म्हणतात. ईमेल स्पॅम आहे की नाही, क्ष-किरण चित्रात गाठ दिसते की नाही, कार्डावरचा व्यवहार फसवणुकीचा आहे की नाही, असे प्रश्न तो हाताळतो. त्याच्या हातून दोन तऱ्हेच्या चुका होतात. नसलेली गोष्ट आहे असे सांगणे ही एक चूक, आणि असलेली गोष्ट नजरेतून सुटणे ही दुसरी. पहिली चूक किती कमी होते हे प्रिसिजन दाखवते आणि दुसरी किती कमी होते हे रिकॉल दाखवते. या दोन आकड्यांचा हरात्मक मध्य म्हणजे एफ-वन. क्लासिफायर किती चांगला आहे हे एकाच आकड्यात सांगायचे असले की बहुतेक वेळा हाच आकडा दिला जातो. तो नेमका काय मोजतो, साधी सरासरी का घेत नाहीत आणि तो कुठे फसवतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

नव्व्याण्णव टक्के, तरीही निरुपयोगी

क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीवर काम करणारे विद्यार्थी आणि संशोधक एक माहितीसंच फार वापरतात. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातील संशोधकांनी तो सर्वांसाठी खुला केला. सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांत युरोपातल्या कार्डधारकांनी केलेले २,८४,८०७ व्यवहार त्यात आहेत. त्यांपैकी फसवणुकीचे व्यवहार फक्त ४९२, म्हणजे दर हजारी दोनसुद्धा नाहीत. बाकीचे २,८४,३१५ व्यवहार नियमित आहेत.

आता एक प्रोग्रॅम असा घ्या, की जो काहीही न तपासता प्रत्येक व्यवहाराला ‘नियमित’ म्हणतो. त्याची २,८४,३१५ उत्तरे बरोबर येतात आणि ४९२ चुकतात. एकूण उत्तरांपैकी बरोबर उत्तरे किती, या मापाला ॲक्युरसी म्हणतात. या प्रोग्रॅमची ॲक्युरसी ९९.८३ टक्के भरते, पण फसवणुकीचा एकही व्यवहार त्याने पकडलेला नसतो. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली की ॲक्युरसीत उरलेल्या ढिगाऱ्याचेच वजन पडते आणि जी गोष्ट शोधायला प्रोग्रॅम लिहिला तिचा हिशेबच लागत नाही.

प्रिसिजन आणि रिकॉल या ढिगाऱ्याला बाजूला ठेवतात. प्रोग्रॅमने जितके व्यवहार संशयित ठरवले, त्यांपैकी खरोखर फसवणुकीचे किती निघाले, हे प्रिसिजन. फसवणुकीचे जितके व्यवहार होते, त्यांपैकी प्रोग्रॅमने किती पकडले, हे रिकॉल. पहिला प्रश्न बँकेत इशारे तपासत बसलेल्या कर्मचाऱ्याचा आहे, कारण प्रत्येक खोट्या इशाऱ्यामागे त्याचा वेळ जातो आणि एखाद्या प्रामाणिक ग्राहकाचे कार्ड उगाच अडते. दुसरा प्रश्न ज्याचे पैसे गेले त्या खातेदाराचा आहे. दोन्ही अपूर्णांकांचा अंश एकच आहे, तो म्हणजे पकडलेले खरे व्यवहार. छेद मात्र वेगळे आहेत. एकात दिलेले इशारे, दुसऱ्यात झालेल्या फसवणुकी. पुढचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

एकच प्रोग्रॅम, तीन सीमारेषा

असे प्रोग्रॅम सहसा थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाहीत. प्रत्येक व्यवहाराला ते संशयाचे गुण देतात, आणि किती गुणांच्या वर गेले की इशारा द्यायचा, ती सीमारेषा माणसाला आखावी लागते. रेषा वर नेली की इशारे थोडे पण खात्रीचे येतात. ती खाली आणली की जास्त फसवणुकी सापडतात, पण खोटे इशारेही वाढतात. प्रिसिजन आणि रिकॉल यांची अशी ओढाताण चालते.

वरच्या माहितीसंचावर एका काल्पनिक प्रोग्रॅमची रेषा तीन ठिकाणी ठेवली आणि पुढील निकाल मिळाले, असे समजू.

| सीमारेषा | इशारे | पकडलेले खरे | प्रिसिजन | रिकॉल | साधी सरासरी | एफ-वन |
|---|---|---|---|---|---|---|
| कडक | २५० | २४० | ९६.०% | ४८.८% | ७२.४% | ६४.७% |
| मधली | ५०० | ३७२ | ७४.४% | ७५.६% | ७५.०% | ७५.०% |
| सैल | ३,००० | ४५० | १५.०% | ९१.५% | ५३.२% | २५.८% |

कडक रेषेवर दिलेले इशारे जवळपास सगळे खरे आहेत, पण निम्म्याहून अधिक फसवणूक निसटली आहे. सैल रेषेवर दहातल्या नऊ फसवणुकी सापडतात, पण त्यासाठी दर शंभर इशाऱ्यांमागे पंच्याऐंशी खोटे इशारे तपासावे लागतात. मधली रेषा दोन्हींत बरी आहे. साधी सरासरी आणि एफ-वन या दोन्ही मापांनी मधली रेषाच वर येते. तरी सैल रेषेला साधी सरासरी ५३ देते आणि एफ-वन जेमतेम २६. या फरकाचे कारण कळले की हरात्मक मध्य कळतो.

साधी सरासरी का चालत नाही

साध्या सरासरीचा दोष टोकाच्या उदाहरणात उघडा पडतो. सगळ्याच्या सगळ्या २,८४,८०७ व्यवहारांवर इशारा देऊन टाकला, तर एकही फसवणूक सुटत नाही आणि रिकॉल पूर्ण १०० टक्के होते. प्रिसिजन ०.१७ टक्के. दोन्हींची साधी सरासरी ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. काहीही न शोधणाऱ्या या पद्धतीला निम्मे गुण मिळाले, म्हणजे मेहनतीने बनवलेल्या सैल रेषेच्या प्रोग्रॅमपेक्षा फक्त तीन कमी. साध्या सरासरीत एका आकड्याची कमतरता दुसऱ्याच्या जोरावर भरून निघते, आणि इथे तेच नको आहे.

हरात्मक मध्य काढताना आधी दोन्ही आकडे उलटे करतात, म्हणजे त्यांच्या व्यस्त संख्या घेतात. मग त्या व्यस्त संख्यांची सरासरी काढतात आणि शेवटी ती सरासरी पुन्हा उलटी करतात. वाचताना हा द्राविडी प्राणायाम वाटतो, पण उलट्या आकड्यांना इथे सरळ अर्थ आहे. प्रिसिजन उलटे केले की एक खरी फसवणूक सापडायला किती इशारे तपासावे लागले ते मिळते. रिकॉल उलटे केले की एक फसवणूक पकडली जाते तेव्हा एकूण किती झालेल्या असतात ते मिळते. सैल रेषेवर ३,००० ला ४५० ने भागले की एका सापडलेल्या फसवणुकीमागे ६.६७ इशारे येतात, आणि ४९२ ला ४५० ने भागले की १.०९ फसवणुकी येतात. या दोन्हींची सरासरी ३.८८. ती उलटी केली की ०.२५८, म्हणजे २५.८ टक्के. कडक रेषेवर हेच आकडे १.०४ आणि २.०५ आहेत, त्यांची सरासरी १.५५ आणि तिचे उलटे ६४.७ टक्के. एका शोधामागचा खर्च मोजला जात असल्यामुळे ज्या बाजूला खर्च भरमसाट आहे ती बाजू सगळा निकाल खाली ओढते.

हेच गणित आणखी सोपे होते. प्रिसिजन आणि रिकॉल यांचा अंश एकच असल्याने व्यस्तांची सरासरी काढणे म्हणजे फक्त दोन छेदांची सरासरी काढणे. म्हणून सूत्र असे बसते:

एफ-वन = (२ × पकडलेले खरे) ÷ (दिलेले इशारे + झालेल्या फसवणुकी)

मधल्या रेषेसाठी २ गुणिले ३७२ म्हणजे ७४४, त्याला ५०० अधिक ४९२ म्हणजे ९९२ ने भागले की बरोबर ०.७५. दोन यादींची ही तुलना आहे. एका यादीत प्रोग्रॅमने संशयित ठरवलेले व्यवहार आणि दुसरीत खरे फसवणुकीचे. दोन्हींत सामाईक नावे जितकी जास्त तितका आकडा एकाच्या जवळ जातो. ली डाइस यांनी १९४५ मध्ये परिसरशास्त्रातील दोन जातींचा सहवास मोजण्यासाठी हेच माप सुचवले होते. म्हणून वैद्यकीय चित्रांच्या कामात एफ-वन आजही डाइस गुणांक या नावाने ओळखला जातो.

सूत्रावरून आणखी दोन गोष्टी लगेच दिसतात. प्रिसिजन आणि रिकॉल यांतला जो आकडा लहान असेल, त्याच्या दुपटीवर एफ-वन कधीच जात नाही. त्यामुळे सगळ्यांवर इशारा देणाऱ्या पद्धतीला ५० ऐवजी ०.३४ टक्के मिळतात. आणि एकही इशारा न देणाऱ्या, ९९.८३ टक्के ॲक्युरसीच्या प्रोग्रॅमचा एफ-वन शून्य येतो.

रेषा कुठे थांबवायची

रेषा हळूहळू खाली आणताना नव्याने येणारे इशारे एफ-वन वाढवतात की घटवतात, हे ठरवण्याचा सोपा नियम आहे. नव्या इशाऱ्यांपैकी खरे निघणाऱ्यांचे प्रमाण आतापर्यंतच्या एफ-वनच्या निम्म्याहून जास्त असेल तर एफ-वन वाढतो, कमी असेल तर घटतो. कडक रेषेवरून मधलीवर येताना २५० नवे इशारे वाढले आणि त्यांत १३२ खरे होते, म्हणजे जवळपास ५३ टक्के. तेव्हाच्या एफ-वनचे निम्मे ३२ टक्के होते, म्हणून वाढ झाली. मधलीवरून सैल रेषेवर येताना २,५०० नवे इशारे आले आणि त्यांत खरे फक्त ७८, म्हणजे ३ टक्के. निम्मे ३७.५ टक्के होते, म्हणून घसरण झाली.

प्रोग्रॅमने दिलेले गुण खऱ्या शक्यतेशी जुळत असतील, तर सर्वांत चांगला एफ-वन देणारी रेषा ५० टक्क्यांवर नसून त्या एफ-वनच्या निम्म्यावर असते, असा याचा अर्थ. बरेच जण सवयीने ५० टक्क्यांवर रेषा ठेवतात आणि दुर्मीळ गोष्टी शोधताना त्यात गुण गमावतात. ही रेषा ज्या नोंदींवर शोधली, त्याच नोंदींवरचा एफ-वन जाहीर करू नये, ही मात्र अट आहे. ती पाळली नाही तर आकडा फुगतो आणि नव्या व्यवहारांवर टिकत नाही.

दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या नसतात तेव्हा

प्रिसिजन आणि रिकॉल ही जोडी मुळात ग्रंथालयशास्त्रातून आणि कागदपत्रे शोधून देणाऱ्या यंत्रणांच्या अभ्यासातून आली. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हव्या त्या कागदपत्रांपैकी किती सापडली आणि सापडलेल्यांपैकी किती कामाची होती, हे पद्धतशीर मोजले गेले. पुढे सी. जे. व्हॅन रिसबर्गन यांनी माहितीशोधावरील आपल्या १९७९ च्या पुस्तकात या दोन्हींना एकत्र करणारे माप मांडले. त्यात वापरणाऱ्याला कोणत्या बाजूला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवण्याची मोकळीक होती. मजकुरातून माहिती काढणाऱ्या यंत्रणांच्या १९९२ च्या स्पर्धावजा परिषदेत त्याचे उलटे रूप एफ या नावाने वापरात आले आणि तेच रूढ झाले.

त्या मोकळिकीला बीटा म्हणतात. बीटा दोन धरला की रिकॉलला प्रिसिजनच्या दुप्पट महत्त्व मिळते, आणि अर्धा धरला की उलट. दोन्ही बाजू समान धरल्या, म्हणजे बीटा एक ठेवला, की एफ-वन मिळतो. नावातले ‘वन’ तिथले. बीटा दोन घेऊन मोजले तर कडक रेषेला ५४.१, मधलीला ७५.४ आणि सैल रेषेला ४५.३ टक्के मिळतात. म्हणजे मधलीच पुढे राहते, पण सैल रेषेचे अंतर बरेच कमी होते. बीटा अर्धा घेतला की कडक रेषेला ८०.४ टक्के आणि मधलीला ७४.६ टक्के मिळतात, आणि क्रम उलटतो. रेषा तीच, प्रोग्रॅम तोच, फक्त महत्त्व कशाला द्यायचे ते बदलले. ‘एफ-वन’ सांगणे म्हणजे दोन्ही चुका सारख्याच महत्त्वाच्या मानल्या असे सांगणे. हा निर्णय सूत्र घेत नाही, तो वापरणाऱ्याने आधीच घेतलेला असतो, आणि अनेकदा न कळत.

आकडा कसा फसवतो

एफ-वन एका गोष्टीकडे मुळीच पाहत नाही. बरोबर ओळखलेल्या नियमित व्यवहारांची संख्या त्याच्या सूत्रात कुठेच येत नाही. दुर्मीळ गोष्टी शोधताना हाच त्याचा गुण ठरतो, पण त्यामुळे कोणत्या गटाला ‘शोधायचा गट’ मानले यावर सगळे अवलंबून राहते. ‘नियमित’ हा शोधायचा गट मानला, तर काहीही न पकडणाऱ्या त्या आळशी प्रोग्रॅमचा एफ-वन ९९.९ टक्के येतो. संगणकावर हा गट चुकून उलटा दिला गेला तरी हिशेब बिनबोभाट चालतो. म्हणून संशयास्पद चांगला एफ-वन दिसला की तो कोणत्या गटाचा आहे, हे आधी पाहावे लागते. दोन्ही गटांचे एफ-वन त्यांच्या संख्येच्या प्रमाणात मिसळून दिलेल्या सरासरीतही हाच दोष असतो, कारण मोठा गट लहान गटाला झाकून टाकतो.

दुसरी फसगत चाचणीच्या नोंदी निवडताना होते. फसवणुकीचे व्यवहार फारच थोडे असल्याने प्रोग्रॅम शिकवताना नियमित व्यवहारांतले बरेचसे गाळून दोन्ही गट समसमान केले जातात. शिकवताना हे चालते, पण चाचणीही त्याच छाटलेल्या नोंदींवर घेतली की आकड्याचा अर्थ बदलतो. समजा, चाचणीत ४९२ फसवणुकीचे आणि नुसते ४९२ नियमित व्यवहार ठेवले. सैल रेषेवर २,८४,३१५ नियमित व्यवहारांत २,५५० खोटे इशारे होते, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. ४९२ नियमित व्यवहारांत तसे खोटे इशारे सरासरी चारच येतील. पकडलेले खरे ४५० तसेच राहतील. आता इशारे ४५४, फसवणुकी ४९२, आणि एफ-वन ९५.१ टक्के. जी रेषा खऱ्या प्रमाणात २६ टक्क्यांवर होती, ती कागदावर ९५ वर जाऊन बसली.

त्याच छाटलेल्या नोंदींवर मधल्या रेषेचा हिशेब केला तर खोटे इशारे जवळजवळ शून्य होतात आणि एफ-वन ८६.१ टक्के येतो. म्हणजे आकडे फुगलेच, वर क्रमही उलटला आणि सैल रेषा सरस ठरली. रिकॉल फसवणुकीच्या व्यवहारांपुरतेच पाहत असल्याने ते दोन्ही चाचण्यांत सारखे राहते. प्रिसिजन मात्र दोन गटांच्या प्रमाणाबरोबर हलते आणि एफ-वनला सोबत नेते. त्यामुळे वेगवेगळ्या प्रमाणाच्या नोंदींवर मोजलेले दोन एफ-वन शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. चाचणीतले प्रमाण प्रत्यक्षातल्यासारखे होते का, हे विचारल्याशिवाय एकट्या आकड्यावर विसंबू नये.

खर्च माहीत असेल तर

एफ-वन प्रत्येक फसवणूक सारखी आणि प्रत्येक खोटा इशारा सारखा धरतो. शंभर रुपयांची फसवणूक आणि लाखाची फसवणूक त्याला एकच. चुकांची किंमत पैशांत मोजता येत असेल, तर तो हिशेब थेट करणे जास्त चांगले. समजा, एक इशारा तपासायला १०० रुपये लागतात आणि निसटलेली एक फसवणूक सरासरी ५,००० रुपयांना पडते. कडक रेषेवर २५० इशारे आणि २५२ निसटलेल्या फसवणुकी मिळून खर्च १२ लाख ८५ हजार होतो. मधल्या रेषेवर ५०० इशारे आणि १२० निसटलेल्या मिळून ६ लाख ५० हजार. सैल रेषेवर ३,००० इशारे आणि ४२ निसटलेल्या मिळून ५ लाख १० हजार. एफ-वनने तळाला टाकलेली रेषा इथे सर्वांत स्वस्त पडते. तपासणीचा दर ३०० रुपये केला की सैल रेषेचा खर्च ११ लाख १० हजार, मधलीचा ७ लाख ५० हजार होतो, आणि मधली रेषा पुन्हा पुढे येते.

म्हणून एफ-वन वापरायचा तो खर्च नीट ठाऊक नसताना, दोन चुकांना साधारण सारखे मानायचे असताना आणि एकाच चाचणीवरच्या अनेक प्रोग्रॅमांतून एक निवडताना. त्याच्यासोबत प्रिसिजन आणि रिकॉल वेगवेगळे द्यावे लागतात, कारण ७५ टक्के एफ-वन ७५ आणि ७५ यांचाही असू शकतो आणि ६० व १०० यांचाही. पहिल्या प्रोग्रॅमच्या हातून चारपैकी एक फसवणूक सुटते, दुसऱ्याच्या हातून एकही सुटत नाही किंवा दर दहांपैकी चार सुटतात. ६० हा आकडा प्रिसिजनचा आहे की रिकॉलचा, हे एफ-वनवरून कळत नाही.